धागा : पर्यावरणीय परिणामांच्या सारांशाचा ख्मेर अनुवाद – शब्दच नाहीत तेथे काय करावे?

नदीकाठचा_पाहुणा

मी मूळचा साताऱ्याचा असून गेली तीन वर्षे नॉम पेन्हमध्ये एका सल्लागार संस्थेत जलसिंचनाच्या कामावर आहे. ईशान्य कंबोडियात, स्तुंग त्रेंग प्रांतातील एका उपनदीवर बंधारा बांधून कालव्याने पाणी वळवण्याची योजना आहे. तिच्या पर्यावरणीय परिणामांचा चौदा पानांचा इंग्रजी सारांश तयार आहे. तो ख्मेरमध्ये करून चार गावांत, तेथील पॅगोड्याच्या सभामंडपात, लोकांपुढे वाचायचा आहे. अनुवादक ख्मेर गृहस्थ आहेत आणि ते उत्तम काम करतात. मला बोलण्यापुरते ख्मेर येते, वाचायला वेळ लागतो.

अडचण अशी की, दुसऱ्या एका अनुवादकाकडून उलट इंग्रजी भाषांतर करून घेतले तेव्हा ते मूळ मजकुराशी जवळजवळ तंतोतंत जुळले. आम्ही निर्धास्त झालो. मग कार्यालयात स्वयंपाक करणाऱ्या बाईंना, ज्या स्वतः मेकाँगकाठच्या गावातून आलेल्या आहेत, एक परिच्छेद वाचून दाखवला. त्या नम्रपणे म्हणाल्या की, भाषा फार सुंदर आहे. काय समजले असे विचारल्यावर त्या हसल्या.

ज्या वाक्यावर सर्वांत जास्त अडलो आहोत ते मराठीत साधारण असे होईल : ‘प्रकल्प सरासरी वार्षिक प्रवाहाच्या 10 टक्के इतका पर्यावरणीय प्रवाह कायम राखेल, उपशमनानंतर स्थलांतरी माशांवरील अवशिष्ट परिणाम किरकोळ आहे.’ पर्यावरणीय प्रवाह म्हणजे बंधाऱ्याखाली नदीत सोडायचे किमान पाणी, उपशमन म्हणजे नुकसान कमी करणे आणि अवशिष्ट परिणाम म्हणजे त्यानंतरही उरणारे नुकसान. यातील निम्म्या संज्ञांना बोलीत शब्दच नाहीत. नवे शब्द घडवावेत, इंग्रजी शब्द ख्मेर लिपीत लिहावेत, की आणखी काही करावे?

शब्दवेडा

उत्तर आपल्या घरातच आहे. ख्मेर भाषा पारिभाषिक शब्द संस्कृत आणि पालीतूनच घडवते. त्यांचा पर्यावरणासाठीचा शब्द ‘परिस्थान’, जीववैविध्यासाठीच्या शब्दाची सुरुवात ‘जीव’ने, हवामानासाठी ‘आकाशधातु’, आणि जलविद्युतसाठीचा शब्द तर ‘वारी’, ‘अग्नि’ आणि ‘अशनि’ यांपासून झालेला आहे. त्यांचे इंग्रजी महिनेसुद्धा मकर, कुंभ, मीन अशा राशींच्या नावांनी चालतात. तेव्हा मराठी परिभाषा कोशातील शब्द ख्मेर उच्चारात बसवून द्यावेत. ‘उपशमन’ आणि ‘अवशिष्ट’ त्यांना परके वाटणार नाहीत.

मेकाँगची_माहेरवाशीण

शब्दवेडा यांनी दिलेली उदाहरणे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र घातक आहे. मी नॉम पेन्हमध्ये अकरा वर्षे राहिले आणि त्यांतील बहुतेक काळ अशाच कागदपत्रांचे संपादन केले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शब्द तेच दिसले तरी अर्थ घसरलेले असतात. कंबोडियाच्या परिणाम-मूल्यांकनाविषयीच्या 1999 च्या उप-आदेशात परिणामासाठी ‘हेत पाः पोल’ हा शब्दप्रयोग आहे. त्यातील ‘हेत’ म्हणजे आपला ‘हेतू’च, पण ख्मेरमध्ये त्याचा अर्थ कारण असा होतो, इरादा असा नव्हे. ‘प्रबंध’ या शब्दाचा तेथील वंशज ‘व्यवस्था’ या अर्थाने वापरतात. ‘फल’ परिणामासाठी चालतो, पण लाभाच्या शब्दातही तोच ‘फल’ येतो. मराठी डोळ्याला ओळखीचा वाटणारा शब्द हा तेथे सर्वांत आधी तपासायचा शब्द असतो.

दुसरे असे की, पाली-संस्कृत शब्द कोणाला समजतात हे पाहावे लागते. गावात जे कधीकाळी भिक्षू होते, जे आज पॅगोड्याचे ‘आचार’ म्हणून विधी चालवतात, त्यांना असे शब्द कानाने ओळखीचे असतात. मासे सुकवणाऱ्या स्त्रीला ते ओळखीचे असतीलच असे नाही. खुद्द ख्मेर पंडितांतही यावर जुना वाद आहे. चुओन नाथ यांच्या शब्दकोशाची परंपरा पाली-संस्कृतकडे झुकलेली, तर 1960 च्या दशकात केंग वान्साक यांच्यासारख्यांनी ख्मेर धातूंपासून शब्द घडवण्याचा आग्रह धरला. पुढे 1975 ते 1979 या ख्मेर रूज राजवटीच्या काळात शिक्षक, अभियंते आणि अनुवादक यांची पिढीच संपवली गेली. त्यामुळे विज्ञानाची भाषा वर्गात बोलून जशी रुळते, तशी ती सलग रुळू शकली नाही. आता राष्ट्रीय ख्मेर भाषा परिषद शब्द निश्चित करते, पण निश्चित झालेला शब्द आणि सभामंडपात समजलेला शब्द यांत अंतर राहतेच.

आता तुमच्या उलट भाषांतराबद्दल. ‘पर्यावरणीय प्रवाहा’साठी तुमच्या अनुवादकाने बहुधा ‘लंहोर परिस्थान’ लिहिले असणार. उलट भाषांतर करणाऱ्याला इंग्रजी संज्ञा आधीच ठाऊक असते, म्हणून तो ते दोन शब्द पाहताच मूळ संज्ञा लिहून मोकळा होतो. त्याने ख्मेर वाचलेच नाही, खूण ओळखली. गावकऱ्याला मात्र ‘पर्यावरणाचा ओघ’ एवढेच ऐकू येते आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. उलट भाषांतराने गाळलेले वाक्य, चुकलेला आकडा, निसटलेला नकार सापडतो. अर्थ पोचला की नाही हे त्यातून कळत नाही. ते तुमच्या स्वयंपाकाच्या बाईंनी एका प्रश्नात सांगितले.

नचिकेत_पुणे

ख्मेरसाठी युनिकोड फॉन्ट वापरा, जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर बिघडतो. दुसरे म्हणजे ख्मेरमध्ये शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ओळ कुठेही तुटते. शब्दांच्या सीमेवर U+200B हे शून्य रुंदीचे चिन्ह घातले की ओळी नीट तुटतात.

नदीकाठचा_पाहुणा

नचिकेत, माझा प्रश्न टंकनाचा नव्हता, पण आपली सूचना अनपेक्षितपणे उपयोगी पडली. आमच्या तक्त्यांमध्ये लांब संज्ञा मधोमध तुटत होत्या आणि वाचून दाखवणारा तरुण तेथेच अडखळत होता.

मेकाँगची_माहेरवाशीण

ते चिन्ह अनुवादकालाच घालू द्या. एखादी संयुक्त संज्ञा कोठे तुटावी हे अर्थावर ठरते, आणि चुकीच्या जागी तुटलेला नवा शब्द वाचणाऱ्यालाही नवा अर्थ सुचवतो.

आता मुख्य वाक्याकडे येऊ. येथे शब्द नाही म्हणून अडले आहे असे वाटते, पण माझा अनुभव सांगतो की, अशा बहुतेक ठिकाणी मूळ वाक्यातच कोणीतरी काहीतरी न सांगता सोडलेले असते आणि संज्ञा त्यावर पांघरूण घालते. ‘10 टक्के’ घ्या. गावकरी काय ऐकेल? नदीच्या दहा भागांतील नऊ भाग पाणी तुम्ही नेणार. तसे आहे का? महिनावार प्रवाहाचे आकडे आणि कालव्याची क्षमता तुमच्याकडे असेल तर येथे द्या, म्हणजे वाक्य उघडून पाहता येईल.

नदीकाठचा_पाहुणा

गोळाबेरीज आकडे देतो. सरासरी वार्षिक प्रवाह सेकंदाला 40 घनमीटर, म्हणजे राखायचा प्रवाह 4. कालव्याची कमाल क्षमता 15. नैसर्गिक प्रवाह भाद्रपदाच्या सुमारास 110, माघात 10 आणि चैत्रात 6.

मेकाँगची_माहेरवाशीण

आभारी आहे. आता पाहा. भाद्रपदात 110 पैकी कालवा जास्तीत जास्त 15 घेईल, 95 उरतील. नदीकाठच्या माणसाला फरक जाणवणारही नाही. चैत्रात 6 पैकी 4 सोडावेच लागतील, म्हणजे फार तर 2 जातील. माघात मात्र 10 पैकी 6 घेता येतील आणि 4 उरतील. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी जाणार ते चैत्रात नव्हे, तर माघात. उन्हाळी भाताला पाणी लागते तेही त्याच सुमारास, तेव्हा कालवा त्या काळात रिकामा ठेवतील असे समजू नका.

आणि माशांचे काय? पावसाळा सरल्यावर पाणी ओसरू लागले की त्रेय रिएलसारखे लहान मासे तोन्ले साप सरोवरातून मेकाँगमध्ये उतरतात आणि वर सरकू लागतात. पौष-माघाच्या सुमारास, पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत त्यांची झुंबड असते. याच माशांचे ‘प्राहोक’, म्हणजे आंबवलेले खारे मासे, घालतात आणि घराघरांत वर्षभर पुरवतात. तुमच्या उपनदीत ही हालचाल नेमकी कधी होते हे तेथील मच्छीमारच सांगतील, पण प्रश्न माघाचा आहे हे ‘सरासरी वार्षिक प्रवाहाच्या 10 टक्के’ या शब्दांत पूर्ण झाकले गेले आहे. यात अनुवादकाचा काहीही दोष नाही.

म्हणून नवा शब्द घडवू नका, वाक्य मोडा. महिने ख्मेर चांद्र नावांनी द्या : चेत, पिसाख, चेथ, आसाथ, स्राप, फोत्रबोत अशी ती मालिका आपल्याच चैत्र-वैशाखाची आहे आणि वयस्कर मंडळी शेती-मासेमारी तिच्यावरच बोलतात. शेजारी सौर महिना द्या, कारण तरुण मुले त्यावर चालतात. सेकंदाला घनमीटर सांगण्याऐवजी गावातील लोक नदी पायी ओलांडतात त्या ठरलेल्या उताराजवळ पाणी गुडघ्याएवढे की मांडीएवढे, हे सांगा.

जलमापक

मी महाराष्ट्रात याच क्षेत्रात काम करतो. 10 टक्क्यांचा हा आकडा बहुधा टेनंट यांच्या 1976 च्या पद्धतीतून आला असावा. ती पद्धत अमेरिकेतील माँटाना आणि शेजारच्या राज्यांमधील नद्यांवरून तयार झाली आणि त्यात 10 टक्के हा जलचरांना थोड्या काळापुरते तग धरता यावे इतकाच किमान प्रवाह मानला आहे. मोसमी नदीला वार्षिक सरासरी लावणे मुळातच अडचणीचे असते, कारण ती सरासरी पुराच्या पाण्याने फुगलेली असते. ताईंचे म्हणणे मला पटते, पण एक शंका आहे. ‘गुडघ्याएवढे’ हे मोजमाप नव्हे. नदीचा तळ दर पावसाळ्यात बदलतो. उद्या गाळ साचला आणि 4 घनमीटर पाण्यातही उतार घोट्यापर्यंतच भरला, तर लोक म्हणतील की तुम्ही वचन मोडले.

मेकाँगची_माहेरवाशीण

शंका रास्त आहे. म्हणून आकडा काढून टाकायचा नाही. घनमीटरचे वचन लेखी राहते आणि खोली ही त्याची आजची खूण म्हणून सांगितली जाते, ‘या वर्षीच्या तळाप्रमाणे’ असे स्पष्ट म्हणून. बंधाऱ्याखाली रंगवलेली मोजपट्टी बसवणार असाल तर सर्वांत उत्तम, तिचा उल्लेख करा. नसाल तर सभेत ती मागितली जाईल हे गृहीत धरा.

आबा_राजापूरकर

आमच्याकडेही हेच झाले होते. भारताच्या 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, तसा तो आम्हाला मिळाला. त्यात गाळाला ‘तलछट’ म्हटले होते. बहुधा हिंदीवरून मराठी केले असावे. चाळीस वर्षे खाडीतला गाळ उपसणारी माणसे तो शब्द पाहून गप्प बसली, कारण आपल्याला कळत नाही असे चारचौघांत कोण म्हणेल? सुनावणीच्या इतिवृत्तात नोंद झाली की या मुद्द्यावर कोणीही आक्षेप घेतला नाही. तेव्हा पाहुण्यांनी भाषांतराच्या भानगडीत न पडता सरळ आक्षेप कसे नोंदवायचे ते गावकऱ्यांना शिकवावे.

नदीकाठचा_पाहुणा

आबा, मी प्रकल्पाच्या बाजूच्या सल्लागाराकडे नोकरी करतो, तेव्हा आक्षेप लिहून देणे माझ्या अधिकारात बसत नाही. पण ‘तलछट’चा किस्सा मी अनुवादकांना सांगितला. त्यांनी लगेच मसुदा उघडला. त्यांनी ‘ककर’, म्हणजे तळाशी बसणारा साका, हा लिखाणात चालणारा शब्द वापरला होता. शेतात पसरणाऱ्या सुपीक गाळाला लोक ‘ल्बाप’ म्हणतात. बंधाऱ्यामागे अडणार तो ल्बापच आहे आणि खालच्या गावांची नदीकाठची भाजीपाल्याची जमीन त्यावरच पिकते. ‘ककर’ अडणार असे ऐकून लोकांना बरेच वाटले असते, असे ते म्हणाले.

शब्दवेडा

माझा मुद्दा थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. सगळ्या संज्ञा मोडून वाक्ये केली तर कागद चाळीस पानांचा होईल आणि मंत्रालय विचारेल की कायद्यातील शब्द कोठे गेले. बोलीच चालवायची तर ख्मेरची परिभाषा कधीच घडणार नाही.

मेकाँगची_माहेरवाशीण

या वेळी शब्दवेडा यांच्याशी मी सहमत आहे आणि हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. अधिकृत संज्ञा काढून टाकली तर नुकसान गावकऱ्यांचेच होते. उद्या तक्रार लिहायची झाली, तर ती ज्या शब्दांत अहवालात नोंदली आहे त्याच शब्दांत लिहावी लागते. मी एका कामात ‘लंहोर परिस्थान’ पूर्ण गाळून फक्त सोपे वर्णन ठेवले होते. पुढे गावच्या लोकांनी अर्ज केला की ‘माघात सोडायचे पाणी’ सोडले जात नाही, तर उत्तर आले की अहवालात अशा नावाची कोणतीही बांधिलकी नाही. तेव्हापासून मी संज्ञा एकदा, ठळक, तिच्या वर्णनाच्या शेजारी ठेवते आणि सभेत ती लोकांकडून दोनदा म्हणवून घेते.

‘उपशमना’चा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी रूढ शब्द ‘कात बन्थाय’ आहे, म्हणजे कापून कमी करणे. शब्द सोपा आहे आणि धोका त्यातच आहे, कारण ऐकणारा विचारतो की नुकसान किती कमी होणार. तुमच्या यादीतील प्रत्येक उपाय खरोखर कमी करणारा आहे का ते पाहा. काही उपाय नुकसान टाळतात, काही नंतर पूर्ववत करतात, काही नुसती भरपाई देतात. ख्मेरमध्ये या चारही गोष्टींना रोजचे वेगळे शब्द आहेत : टाळण्याला ‘चिएस वांग’, कमी करण्याला ‘कात बन्थाय’, पूर्ववत करण्याला ‘स्तार’ आणि भरपाईला ‘संनोंग’. एका छत्रीखाली सगळे घालण्याऐवजी प्रत्येक उपायाला त्याचा शब्द द्या. आणि कर्ता लिहा. इंग्रजीतील ‘केले जाईल’ ख्मेरमध्ये ‘त्रोव बान’ लावून जसेच्या तसे उतरते, कानाला सरकारी वाटते आणि कोण करणार हे अध्याहृतच राहते.

नदीकाठचा_पाहुणा

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. उपायांच्या यादीला ते चार शब्द लावल्यावर सतरापैकी नऊ उपाय ‘संनोंग’मध्ये गेले, दोनच ‘चिएस वांग’मध्ये. आमच्या गटप्रमुखांना तो तक्ता आवडला नाही, पण चुकीचा आहे असे त्यांना म्हणता आले नाही. ‘अवशिष्ट परिणाम किरकोळ’ हे वाक्य अद्याप अडलेले आहे. अनुवादकांनी ‘तेच तुओच’, म्हणजे थोडेसे, असे लिहिले होते. मी विचारले की कोणासाठी थोडेसे, तर मूळ अहवालात तो निकष पूर्ण नदीखोऱ्यातील माशांचा आहे, एका गावाच्या जाळ्याचा नाही. तूर्त आम्ही ‘संपूर्ण नदीचा विचार करता थोडा; बंधाऱ्याच्या वरच्या दोन गावांत किती, हे मोजलेले नाही’ असे लिहिले आहे. ते मंजूर होते की नाही, पाहू.

प्रवाहाचा परिच्छेद आता असा झाला आहे, मराठीत उतरवून देतो :

‘पावसाळ्यात नदीला इतके पाणी असते की कालव्याने नेलेले पाणी तुम्हाला जाणवणार नाही. मेआकथोम महिन्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, कालवा निम्म्याहून अधिक पाणी नेऊ शकतो. तेव्हा बंधारा चालवणारी कंपनी सेकंदाला किमान 4 घनमीटर पाणी खाली सोडेल. या वर्षीच्या तळाप्रमाणे इतक्या पाण्यात गावाजवळचा उतार गुडघ्याच्या थोडा खाली भरतो. या सोडलेल्या पाण्याला अहवालात लंहोर परिस्थान असे नाव आहे. मोठे मासे एवढ्या पाण्यातून वर जाऊ शकतील का, हे आम्हाला तुमच्याकडून ऐकायचे आहे.’

हा परिच्छेद स्वयंपाकाच्या बाईंना वाचून दाखवला आणि तुमच्या बहिणीला फोनवर सांगा म्हटले. त्यांनी सांगितले ते असे : माघात पाणी गुडघ्याखाली येणार, कंपनी म्हणते तेवढे सोडू, पण मासे जातील का ते त्यांनाही माहीत नाही. मला वाटते, हे बरोबर उतरले.

जलमापक

त्या शेवटच्या वाक्यावर तुमची कंपनी सही करेल?

नदीकाठचा_पाहुणा

ते वाक्य अजून तरी मसुद्यात आहे. एक नवी अडचण मात्र निघाली आहे. चारपैकी एका गावात घरची भाषा बुनोंग आहे आणि दुसऱ्यात बरीच कुटुंबे लाओ बोलतात. ख्मेर बाजारापुरती आणि शाळेपुरती येते. आम्ही इतकी खटपट करून सोपी केलेली ख्मेर तेथे पुन्हा दुसरी भाषाच आहे.

मेकाँगची_माहेरवाशीण

बुनोंग गावासाठी लेखी अनुवादाच्या मागे लागू नका. ख्मेर लिपीवर आधारलेले लेखन आहे, पण वाचणारे थोडे आहेत. गावातील दोन माणसे, त्यांत एक स्त्री, आधीच्या दिवशी बोलवा, परिच्छेद ख्मेरमध्ये समजावून सांगा आणि त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रण करा. ते मुद्रण तिसऱ्या बुनोंग माणसाला ऐकवून त्याच्याकडून ख्मेरमध्ये परत सांगून घ्या. यासाठी पूर्ण दिवस धरा. ‘लंहोर परिस्थान’ तेथेही ख्मेरमध्येच ठेवा, कारण अर्ज ख्मेरमध्येच जाणार आहे. लाओ गावाबद्दल माझ्याकडे अनुभव नाही, कोणाला असल्यास लिहावे.

आबा_राजापूरकर

आणि इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहिणार, ते आधी विचारून ठेवा.

नदीकाठचा_पाहुणा

विचारले. इंग्रजीत.